'दात यायलेत' म्हणून सोडून दिलेला ताप

(ज्यांना भाग ऐकायला जमलं नाही, किंवा रात्री लेकरू मांडीवर झोपलंय आणि आवाज लावता येत नाही, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना जसं आलं तसंच बहुतेक ठेवलंय, फक्त 'म्हणजे' आणि 'बघा' थोडे कमी केलेत.)

आजचा भाग मोबाइलबद्दल नाही, नोकरीबद्दल नाही. आज लेकराच्या दातांबद्दल बोलायचंय. हसू नका, माझ्या ओळखीच्या निम्म्या दोस्तांच्या घरी या दोन वर्षांत पाळणा हललाय आणि रात्री दोन वाजता मेसेज येतात. "अरे, पोरीला ताप आलाय, आई म्हणते दात यायलेत. खरंच दातांनी ताप येतो का?"

मला हा प्रश्न का विचारतात, तर मागच्या मे महिन्यात मी स्वतः यात फसलो होतो. तीच गोष्ट आज नीट सांगतो, तारखांसकट नाही पण दिवसांसकट.

आमची चिऊ तेव्हा आठ महिन्यांची. मी घरून काम करत होतो, म्हणून आम्ही दोन महिने धर्माबादला आई-बाबांकडे आलो होतो. धर्माबादचा मे तुम्हाला माहीतच आहे. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री, वर पत्रे, खाली कूलर, आणि सगळ्या गावाला लाल मिरचीचा वास. तर, आल्यावर पहिल्याच आठवड्यात चिऊची लाळ सुरू झाली. दिवसाला पाच-सहा लाळेरं बदलायची. हाताला येईल ते तोंडात. माझा चार्जर, बाबांचा चष्मा, आईच्या पदराचा काठ. रात्री दोनदा रडत उठायची. आईने बोट फिरवून बघितलं आणि म्हणाली, "अरे, खालची हिरडी टणक लागायली. दात यायलेत लेकराला." काखेत तापमान मोजलं तर ९९.१ फॅरेनहाइट. दूध पीत होती, खेळत होती. चौथ्या दिवशी खालच्या हिरडीवर पांढरी रेघ दिसली, वाटीवर चमचा लागावा तसा टक्‌ आवाज आला, आणि घरात पेढे आले.

इथपर्यंत सगळं पुस्तकात असतं तसं. आई बरोबर होती. आणि गडबड इथूनच सुरू झाली, कारण आई एकदा बरोबर होती.

दात खरंच काय करतो

आधी हे समजून घेऊ. दात हिरडी फाडून वर येत नाही. हिरडीचा तो भाग हळूहळू विरघळल्यासारखा होतो आणि दात वर सरकतो. तिथे थोडी सूज, थोडा लालपणा, थोडा ठणका. म्हणून चावावंसं वाटतं, कारण वरून दाब दिला की बरं वाटतं. लाळ वाढते. लाळ हनुवटीवर आणि गळ्यावर राहिली की तिथे पुरळ येतं. घन खाणं, म्हणजे खिमट किंवा वरण-भात, थोडं कमी जातं. झोप चाळवते. चिडचिड होते.

आता ताप. अमेरिकेत क्लीव्हलँडच्या डॉक्टरांनी २००० साली एक अभ्यास छापला होता. मला तो आवडतो कारण त्यांनी आपण करतो तसं आठवणीवर सोडलं नाही. सव्वाशे बाळांच्या आई-बापांना सांगितलं, चौथ्या महिन्यापासून एक वर्षापर्यंत रोज दोनदा तापमान मोजा, रोज लक्षणं लिहा, आणि दात दिसला की त्याची तारीख लिहा. मिळून ४७५ दातांची नोंद झाली. मग त्यांनी मागे जाऊन पाहिलं, दात दिसण्याच्या आसपास नेमकं काय वाढतं?

उत्तर असं आलं. दात दिसण्याच्या चार दिवस आधीपासून तीन दिवस नंतरपर्यंत, म्हणजे एकूण आठ दिवसांची खिडकी, यात चावणं, लाळ, हिरडी चोळणं, कान चोळणं, चिडचिड, चेहऱ्यावर पुरळ, घन खाणं कमी होणं, आणि तापमानात किंचित वाढ, हे सगळं जास्त दिसलं. आणि काय जास्त दिसलं नाही? सर्दी, खोकला, उलटी, जुलाब, दूध-पाणी पिणं कमी होणं, अंगभर पुरळ, आणि १०२ च्या वरचा ताप. यातलं काहीही दातांच्या दिवसांत नेहमीपेक्षा जास्त नव्हतं. शिवाय कोणत्याही एका लक्षणावरून "आता दात येणार" असं आधी सांगता आलं नाही.

नंतर २०१६ साली ब्राझीलच्या संशोधकांनी अशा बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यांचाही निष्कर्ष तोच: दात येताना अंग थोडं कोमट होतं, पण ज्याला ताप म्हणतात, म्हणजे १००.४ किंवा त्याच्या वर, तो दातांमुळे येत नाही.

मग सगळ्या आज्या चुकीच्या कशा?

त्या खोटं बोलत नाहीत. त्यांनी जे पाहिलं ते खरं आहे. त्यांनी दात येताना ताप आलेली, जुलाब लागलेली ढीगभर लेकरं पाहिलीत. प्रश्न वेळेचा आहे.

पहिला दात साधारण सहा ते दहा महिन्यांत येतो. आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत वीस दात यायचे असतात. म्हणजे या काळात केव्हाही विचारलं तर लेकराचा कुठला ना कुठला दात "यायलेला" असतोच. आणि नेमक्या त्याच सहाव्या महिन्याच्या आसपास आईच्या पोटातून मिळालेली रोगांशी लढायची शिदोरी संपत येते. त्याच वेळी लेकरू रांगायला लागतं, जमिनीवरचं तोंडात घालतं, वरचं खाणं सुरू होतं, वाटी-चमचा-पाणी सगळं नवीन. त्यामुळे पहिल्यांदा जुलाब आणि पहिल्यांदा ताप याच वयात येतात. दातही याच वयात. दोन्ही एकत्र दिसतात, म्हणून एकामुळे दुसरं असं वाटतं.

आमच्या धंद्यात एक सवय असते. सॉफ्टवेअरमध्ये चूक सापडली आणि ती आधी दिसलेल्या चुकीसारखी वाटली, की आपण तिच्यावर "नोन इश्यू" असा शिक्का मारतो आणि तक्रार बंद करतो. मग तीन आठवड्यांनी कळतं, ती वेगळीच चूक होती. "दात यायलेत" हा घराघरातला तोच शिक्का आहे.

शनिवार ते सोमवार

खालचा दात येऊन दोन-अडीच आठवडे झाले होते. शनिवारी संध्याकाळी चिऊ गरम लागली. काखेत १००.९. आई म्हणाली, "वरचे यायलेत आता." मी वरची हिरडी बघितली. फुगलेली होती. लाळ होतीच. मी म्हणालो, हो, बरोबर. पॅरासिटामॉलचे थेंब दिले, तासाभरात ९९ वर आलं, हसायला लागली. शिक्का मारला. तक्रार बंद.

रविवारी सकाळी १०१.६. परत औषध, परत उतरलं. दुपारी औषधाचा असर गेल्यावर १०२.२. सर्दी नाही, खोकला नाही, जुलाब नाही, कान ओढत नव्हती. आणि बघा माझं डोकं कसं चाललं. दुसरं काहीच दिसत नाही, म्हणजे दातच असणार. खरं तर उलट विचार करायला पाहिजे होता: १०२ ताप आहे आणि कारण दिसत नाही, म्हणजे कारण अजून सापडलेलं नाही.

रविवारी रात्री बायकोने मला उठवलं. म्हणाली, "ऐक, तू तापमान मोजायलास, मी लंगोट मोजायले. रोज सात-आठ ओल्या होतात. आज तीनच झाल्यात. आणि वास बघ, कसा उग्र यायलाय. दूधही अर्धवट सोडायली."

मी म्हणालो, उन्हाळा आहे, घाम जात असेल. ती म्हणाली, "दातांनी लघवी कमी होते का?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हाच पहिल्यांदा मी दात बाजूला ठेवून विचार केला.

सोमवारी पहाटे गाडी काढली आणि नांदेडला बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. डॉक्टर मॅडमनी आधी लेकराचे कपडे पूर्ण काढायला सांगितले. कान बघितले, घसा बघितला, एक मिनिट घड्याळ लावून श्वास मोजले, टाळू बघितली, पोट दाबून बघितलं. मी मधेच म्हणालो, "मॅडम, वरचे दात पण येतायत." त्या म्हणाल्या, "येऊ द्या. ते बघायला मला घाई नाही. लघवी तपासू."

का लघवी? त्यांनी समजावून सांगितलं ते मला आजही आठवतं. मोठ्या माणसाला लघवीत जंतुसंसर्ग झाला तर तो सांगतो, जळजळ होते, सारखं जावं लागतं. आठ महिन्यांचं लेकरू काय सांगणार? त्याला फक्त ताप येतो, चिडचिड होते, दूध कमी होतं, कधी उलटी होते. बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून इतक्या लहान लेकराला, त्यातही मुलीला, सर्दी-खोकला-जुलाब काही नसताना चांगला ताप असेल, तर लघवी तपासावीच लागते. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला आणि उपचाराला उशीर झाला, तर तिथे कायमचा व्रण राहू शकतो. हे ऐकून माझे हातपाय गार पडले.

नमुना घेण्यातही एक मेख असते. अंगाला चिकटवायची पिशवी मिळते, पण त्यात त्वचेवरचे जंतू मिसळतात आणि कल्चरचा अहवाल चुकीचा येऊ शकतो. म्हणून नर्सताईंनी जागा नीट धुऊन, निर्जंतुक डबी धरून, धार सुरू झाल्यावर मधली लघवी घेतली. त्यासाठी आम्ही चाळीस मिनिटं डबी धरून बसलो होतो. नाही जमलं तर बारीक नळीने घेतात.

साध्या तपासणीत पू पेशी खूप निघाल्या. त्याच दिवशी अँटिबायोटिक सुरू झालं. कल्चर, म्हणजे जंतू वाढवून ओळखायची तपासणी, तिला दोन-तीन दिवस लागतात. बुधवारी अहवाल आला: ई. कोलाय. चालू असलेलं औषध त्याला लागू होतं. बुधवारीच ताप गेला. पण कोर्स पूर्ण केला, आणि नंतर मूत्रपिंडाची सोनोग्राफी केली. ती चांगली आली.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वरचा दात खरंच आला. शनिवारपासून नवव्या दिवशी. म्हणजे आई दातांबद्दल पुन्हा बरोबरच होती! हिरडी फुगलेली होती, दात येत होता. आणि त्याच वेळी लेकरू आजारीही होतं. दोन्ही खरं. मी इतके दिवस समजत होतो की 'दात की आजार' असा प्रश्न आहे. तो प्रश्नच चुकीचा आहे. हिरडीत दात सापडला, म्हणजे आजार नाही असं सिद्ध होत नाही. म्हणून तापाचं कारण शोधताना हिरडी बघूच नका. बाकीचं लेकरू बघा.

बाकीचं लेकरू कसं बघायचं

आधी तापमान नीट मोजा. कपाळाला हात लावून कळत नाही, त्यात आपल्याकडचा उन्हाळा. पत्र्याच्या खोलीत दुपट्यात गुंडाळलेलं लेकरू नुसतंच गरम लागतं. आधी कपडे सैल करा, गार जागेत आणा, वीस-तीस मिनिटं थांबा. आंघोळ किंवा दूध झाल्या झाल्या मोजू नका. काख कोरडी पुसा, थर्मामीटरचं टोक बरोबर खोबणीत ठेवा, हात अंगाशी धरा, बीप होईपर्यंत सोडू नका. काखेतला आकडा आतल्या तापमानापेक्षा थोडा कमी येतो, हे लक्षात ठेवा. म्हणून काखेत ९९.५ आलं तर "ठीक आहे" म्हणून सोडू नका, तासाभराने परत मोजा. १००.४ आलं, तर तो ताप आहे आणि तो दातांचा नाही. लेकरू तीन महिन्यांपेक्षा लहान असेल, तर १००.४ ला घरी थांबायचंच नाही, त्याच वेळी दवाखान्यात जायचं.

मग तीन गोष्टी मोजा. फोनमधल्या नोट्समध्ये लिहिलं तरी पुरे: वेळ, तापमान, कोणतं औषध किती दिलं, दूध किती घेतलं, ओल्या लंगोट किती.

पहिली, लघवी. तुमच्या लेकराचा रोजचा आकडा किती, हे बरं असतानाच माहीत पाहिजे. तो निम्म्यावर आला तर काहीतरी बिघडलंय. सहा-आठ तासांत एकदाही झाली नाही, तर दवाखाना.

दुसरी, पिणं. दात येणारं लेकरू घास नाकारतं, पण दूध सहसा पितं. कधी हिरडी दुखते म्हणून दोन घोट घेऊन तोंड काढतं, पण थोड्या वेळाने परत येतं. पिणंच सोडलं, तर तो दात नाही.

तिसरी, श्वास. लेकरू शांत असताना, झोपेत असेल तर उत्तम, पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिने ते एक वर्ष या वयात मिनिटाला ५० किंवा जास्त श्वास म्हणजे जलद श्वास. छातीच्या खालचा भाग आत ओढला जात असेल, तर रात्र असो की दिवस, निघा.

जुलाबांचं वेगळं सांगतो, कारण "दातांचे जुलाब" हा आपल्याकडचा सगळ्यात पक्का समज आहे. पातळ, पाण्यासारख्या शी वारंवार होत असतील तर तो पोटाचा संसर्ग धरायचा. पहिल्या पातळ शीपासून ओआरएस सुरू करा. मोठी पुडी असेल तर पूर्ण पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात. पुडीवर किती पाणी लिहिलंय ते वाचून तेवढंच. दोन वर्षांखालच्या लेकराला प्रत्येक शीनंतर ५० ते १०० मिली, चमच्या-चमच्याने. आईचं दूध चालूच. सोबत झिंक चौदा दिवस, ते डॉक्टर किंवा आशाताई सांगतील तसं. डोळे आत गेले, पोटाची त्वचा चिमटीत धरून सोडल्यावर हळू परत गेली, लेकरू सुस्त झालं, शीत रक्त दिसलं, तर घरात थांबू नका.

कान ओढणं थोडं फसवं आहे. दातांमध्येही लेकरं कान चोळतात, अभ्यासातही ते निघालंय. पण सर्दी झाली, मग ताप आला, आणि आडवं केलं की जास्त रडतं, तर कान तपासून घ्या.

आणि झटका आला, लेकरू जागं होत नाही, ओठ निळे पडले, तर १०८.

दात दुखतोय, तेव्हा काय करायचं

ठीक. तापमान ९९, दूध व्यवस्थित, लंगोट नेहमीसारख्या, फक्त लाळ आणि किरकिर. म्हणजे दातच दुखतोय. यासाठी जे लागतं ते सगळं घरात असतं.

स्वच्छ धुतलेल्या बोटाने हिरडी दोन मिनिटं हलकी दाबून चोळा. धर्माबादकरांसाठी खास सूचना: मिरची निवडली असेल, कुटली असेल, तर ते बोट लेकराच्या तोंडात नाही! मिरचीचा तिखटपणा तेलात विरघळतो, नुसत्या पाण्याने जात नाही. आमच्या घरी आईने साबणाने दोनदा हात धुतले होते, तरी चिऊ किंचाळली. त्या दिवसापासून हिरडी चोळायचं काम बाबांकडे.

स्वच्छ सुती रुमाल ओला करून फ्रिजमध्ये, खालच्या कप्प्यात, गार करा आणि हातात धरून चावू द्या. बर्फाच्या कप्प्यात नाही, दगडासारखं गोठलेलं हिरडीला लागतं. स्टीलचा चमचा गार करून त्याची पाठ हिरडीला लावली तरी चालतं. टीदर घ्यायचं तर एकसंध रबराचं घ्या, आत पाणी भरलेलं नको, फुटतं. लाळ चोळून नाही, टिपून पुसा, आणि हनुवटीला साधं पेट्रोलियम जेली लावा. गाजर, काकडी, बिस्किट हातात देऊ नका. नवीन दाताने तुकडा तुटतो आणि घशात अडकतो.

रात्री फारच दुखत असेल तर पॅरासिटामॉल चालतं, पण डॉक्टरांना विचारून, वजनावरून. इथे एक हिशेब करून दाखवतो, कारण ही चूक मी होता होता वाचलो. चिऊचं वजन ८ किलो. डॉक्टरांनी एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅम सांगितलं, म्हणजे १२० मिलिग्रॅम. आता दुकानात तीन प्रकारच्या बाटल्या असतात. थेंबांमध्ये १ मिलीत १०० मिलिग्रॅम, म्हणजे १.२ मिली द्यायचं. एका सिरपमध्ये ५ मिलीत १२५, म्हणजे ४.८ मिली. दुसऱ्यात ५ मिलीत २५०, म्हणजे २.४ मिली. नाव एकच, रंगही जवळपास एकच. "मागच्या वेळी पाच मिली दिलं होतं" म्हणून थेंबांच्या बाटलीतून पाच मिली दिलं, तर चौपट औषध पोटात जातं आणि यकृताला धोका होतो. म्हणून मिली लक्षात ठेवू नका, मिलिग्रॅम लक्षात ठेवा आणि दर वेळी बाटली वाचा. दोन डोसांमध्ये सहा तास ठेवा. आणि माझी चूक करू नका: औषधाने ताप उतरला, म्हणजे आजार गेला असं नाही. कोणत्याही कारणाचा ताप पॅरासिटामॉलने उतरतो.

काय द्यायचं नाही

हिरडी बधिर करायचं जेल नको. अशा काही जेलमध्ये बेंझोकेन असतं. त्यामुळे लहान लेकरांच्या रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकद धोकादायक कमी होऊ शकते, म्हणून अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये दोन वर्षांखाली ते वापरूच नका असं सांगितलं. तसंही लाळेने ते दोन मिनिटांत वाहून जातं.

दातांच्या गोड पांढऱ्या गोळ्या बऱ्याच घरांत असतात. त्याच संस्थेने तिथे विकल्या जाणाऱ्या काही होमिओपॅथिक गोळ्या तपासल्या, तर २०१७ मध्ये काहींमध्ये बेलाडोना या विषारी वनस्पतीचं प्रमाण लेबलपेक्षा कितीतरी जास्त निघालं. आपल्याकडच्या गोळ्या वेगळ्या असतील, पण मोजायला आपल्याकडे काय आहे? आणि नायजेरियात २००८ च्या शेवटी दातांसाठी म्हणून विकलेल्या एका सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं, ऐंशीहून जास्त लेकरं मूत्रपिंड निकामी होऊन गेली. काही दिवसांत आपोआप थांबणाऱ्या दुखण्यासाठी इतका धोका कशाला?

गळ्यात दातांची माळ, मणी, दोरा नको. झोपेत आवळतो, मणी तुटून घशात जातो. अमेरिकेत दीड वर्षाचं एक लेकरू अशा माळेने झोपेत गेलंय. आणि हिरडीला मध चाटवायचा, तोही एक वर्षापर्यंत अजिबात नको, त्यातून बॉट्युलिझम नावाचा लकव्यासारखा आजार होऊ शकतो.

आता घरी हे कसं सांगायचं? मी आईशी वाद घालून पाहिला, उपयोग झाला नाही. "आम्ही काय लेकरं वाढवली नाहीत का?" हे उत्तर ठरलेलं. मग एक दिवस म्हणालो, "आई, तू म्हणतेस तसे दात यायलेतच. पण सोबत अजून काही आहे का तेवढं बघून घेऊ." यावर ती काही बोलली नाही. आता शेजारच्या लेकराला ताप आला की आईच विचारते, "लघवी किती वेळा झाली गं?"

चिऊला आता बारा दात आहेत. आठ बाकी आहेत. पुढच्या वेळी ताप आला की मी हिरडी बघणार नाही, आधी लंगोट मोजणार.

भाग कुणाला उपयोगी पडेल असं वाटलं तर पाठवा. भेटू पुढच्या भागात.